नव्वद पैशांचं पत्र

दादाला रुपया हवा होता आणि मास्तरीण नव्वद पैशांवर अडून बसली होती. दोघं सख्खी भावंडं, खोक्यांच्या कारखान्यात निम्म्या-निम्म्याची भागीदार, आणि दहा पैशांपायी सकाळपासून एकमेकांशी अबोला धरून होती. चहा आला तो दोघांनी दोन दिशांना तोंडं करून प्यायला.

कारखाना म्हणजे बोलायचं नाव. पत्र्याच्या छपराखाली एक लांबोडकी खोली, तिच्यात पुठ्ठा कापायचं एक मशीन, खोक्याचा आकार ठोकून काढणारं एक पंचिंग मशीन, आणि भिंतीलगत लांबच लांब टेबल. त्या टेबलाशी नऊ बायका उभ्या राहून खोकी दुमडायच्या, चिकटवायच्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायच्या. केकची खोकी, मेणबत्त्यांची खोकी, चपलांची खोकी. कोपऱ्यात काचेचं एक पेटीवजा ऑफिस होतं. त्यात मास्तरीण बसायची. ती खरोखरच मास्तरीण होती. अकरा वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. पटावरची मुलं कमी झाली, शाळेला कुलूप लागलं, आणि बाई भावाच्या कारखान्यात येऊन हिशेब बघू लागल्या. शाळा सुटली, पण चूक दिसली की लाल पेनाकडे जाणारा हात काही सुटला नाही.

भांडण होतं दरवाढीचं. पुठ्ठ्याच्या मिलनं पाच महिन्यांत तीनदा भाव चढवला होता. रद्दी मिळत नाही म्हणे, आणि रद्दी नाही तर पुठ्ठा कशाचा करायचा. शेहेचाळीस रुपये किलोचा पुठ्ठा अठ्ठावन्नवर जाऊन बसला. मिलवाल्यांची पद्धत झकास होती. मोबाइलवर एक ओळ यायची, ‘उद्यापासून नवा दर.’ ना नमस्कार, ना कारण. पाच महिने भावंडांनी आज उतरेल, उद्या उतरेल करत जुन्याच दरानं खोकी दिली, आणि आता नाकातोंडात पाणी जायला लागलं तेव्हा गिऱ्हाइकांना पत्र लिहायचं ठरलं.

दादानं त्याच्या मतानं पत्र लिहूनही टाकलं होतं. ‘कच्च्या मालाच्या वाढत्या किमतीमुळे नाइलाजास्तव प्रत्येक खोक्यामागे एक रुपया दरवाढ करण्यात येत आहे. सहकार्य अपेक्षित.’ संपलं पत्र. मास्तरणीनं ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. असं पत्र मला आलं तर मी ते फाडून टाकीन, ती म्हणाली. ‘वाढत्या किमती’ म्हणजे किती? कशाची? वीस-वीस वर्षं आपल्याकडून माल घेणारी माणसं, त्यांना काय आपण वीजबिलासारखं पत्र पाठवायचं?

आणि मग तिनं वही ओढली. अर्ध्या किलोच्या केकच्या खोक्याला ऐंशी ग्रॅम पुठ्ठा लागतो, बाकीच्या खोक्यांनाही सरासरी तेवढाच. किलोमागं बारा रुपये वाढले, म्हणजे खोक्यामागं शहाण्णव पैसे. इथवर दादाही मान हलवत होता. पण बाईंचं उदाहरण अजून संपलं नव्हतं. ऐंशी ग्रॅममधली बारा ग्रॅम तर कतरण निघते, ती आपण रद्दीवाल्याला विकतो, आणि रद्दी महागल्यामुळे त्या कतरणीलाही आता किलोमागं पाच रुपये जास्त मिळतात. म्हणजे सहा पैसे आपल्याला परत आले. शहाण्णवातून सहा गेले, राहिले नव्वद.

“कतरणीचे पैसे गिऱ्हाइकाला परत देणारा जगात एक तरी कारखानदार दाखव,” दादा म्हणाला.

“आता दिसेल त्यांना,” मास्तरीण म्हणाली.

तर असा तो अबोला. दुपारी दादानंच माघार घेतली. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सुटे पैसे मोजायचा कंटाळा होता आणि बहिणीशी हुज्जत घालायचा त्याहून जास्त. लिही बाई काय लिहायचं ते, म्हणाला आणि मशीनकडे गेला.

तिनं तीन दिवस लावून पत्र लिहिलं. शाळेत तिनं वर्षानुवर्षं मुलांना पत्रलेखनाचे गुण दिले होते. आता स्वतःची परीक्षा असल्यासारखी ती खोडत होती, पुन्हा लिहीत होती. पत्र झालं मात्र सुरेख. सुरुवातीला नमस्कार आणि इतक्या वर्षांच्या लोभाबद्दल आभार. मग पुठ्ठ्याचा जुना भाव, नवा भाव, खोक्याला लागणारं वजन, कतरणीचे वजा केलेले पैसे, सगळं उघड मांडलेलं. हाती असलेल्या ऑर्डरी जुन्याच दरानं पुऱ्या करू, नवा दर पंधरा दिवसांनी लागू होईल, हेही. तिसरा परिच्छेद तिचा सगळ्यात आवडता होता:

‘शाई, डिंक, वाहतूक आणि मजुरी यांत वाढ झालेली नाही. म्हणून त्यांपोटी एक पैसाही वाढवलेला नाही. ही वाढ केवळ पुठ्ठ्याची आहे. पुठ्ठ्याचा भाव पन्नास रुपयांच्या खाली येऊन महिनाभर टिकला, की आम्ही हे नव्वद पैसे कमी करू, आणि तसं आपल्याला पत्रानेच कळवू.’

दादानं वाचलं. शेवटच्या वाक्याशी थबकला. हे कशाला, त्यानं विचारलं. हात दाखवून अवलक्षण. मास्तरीण म्हणाली, भाव चढला म्हणून घेतो, तर उतरला म्हणजे देऊ नये? एवढं साधं आहे. खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या, पण तो म्हणाला, तूच कर, शब्द तुझे आहेत.

पत्रं गेली आणि नवल झालं. कुणी भांडायला आलं नाही. मेणबत्तीवालीनं फोन करून सांगितलं, ताई, दरवाढीचं पत्र वाचून बरं वाटलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. चपलावाल्यानं नव्या दरानं ऑर्डर धाडून दिली. आणि बेकरीवाला तर स्वतः आला. बेकरीवाला म्हणजे कारखान्याचा कणाच. निम्मा माल एकटा उचलायचा. तो काचेच्या ऑफिसात बसला, पत्र उलगडून त्यातली वाक्यं मोठ्यानं वाचली, आणि म्हणाला, याला म्हणतात व्यवहार. जाताना त्यानं पत्राच्या आणखी दोन प्रती मागितल्या, शिक्का मारून. मास्तरणीनं त्या इतक्या आनंदानं दिल्या की शिक्का दोनदा मारला गेला. त्या संध्याकाळी ती दादाला म्हणाली, बघ, खरं सांगितलं की लोक समजून घेतात. दादा म्हणाला, बघू.

पुढच्याच आठवड्यात बायकांच्या पगारवाढीची वेळ आली. दर वर्षी याच महिन्यात थोडी का होईना, वाढ व्हायची. यंदा दादानं टेबलाशी जाऊन सांगितलं की यंदा जमायचं नाही. बायका माना खाली घालून पुन्हा खोकी दुमडू लागल्या, पण ते दादाला सोसेना. त्यानं बहिणीला हाक मारली. तुझं ते पत्र यांना वाचून दाखव, म्हणाला, म्हणजे परिस्थिती कळेल.

खरं तर तिथंच मास्तरणीनं थांबायला हवं होतं. पण शिकवायची संधी आली की तिला राहवत नसे. तिनं पुठ्ठ्याच्या एका शीटवर मोठ्या अक्षरांत आकडे मांडून नऊ बायकांना सगळं समजावलं, वजन, भाव, कतरण. मग परत आल्यावर दादाला म्हणाली की थोडं तरी द्यायला हवं होतं. तेव्हा दादानं तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

“तूच लिहिलंयस ना, मजुरीत वाढ झालेली नाही? गावभर वाटलंस. आता मजुरी वाढवली तर पत्र खोटं पडेल. मग तो पैसा खोक्यावर लावायचा तरी कसा?”

गणित बरोबर होतं. खरेपणाच्या हौसेनं तिनं स्वतःच्या हातानं नऊ बायकांची मजुरी पत्रात गोठवून ठेवली होती, आणि वर त्या वाक्याचा तिला अभिमान वाटला होता.

टेबलाशी सगळ्यांत पुढं उभी राहणारी डिंकवाली मावशी सतरा वर्षं तिथं होती. तिचे अंगठे डिंकानं कायमचे गुळगुळीत झाले होते. बाकीच्या बायकांचं म्हणणं तीच मांडायची. तिनं मास्तरणीला दारात गाठून शांतपणे विचारलं, म्हणजे भाव उतरला की आमचंही बघाल ना? मास्तरीण म्हणाली, हो. पत्रात लिहिलंय ते सगळ्यांना सारखंच. मावशीनं मान डोलावली आणि ते टेबलाशी जाऊन सांगितलं.

त्यानंतर महिनाभरानं याच मावशीनं बातमी आणली. जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, बाई, एक विचारू का, ब्रेड कधीपासून खोक्यात यायला लागला? मास्तरणीला कळेना. मग मावशीनं सांगितलं. बेकरीत बाईंचं पत्र लावलंय. ब्रेड तीसचा छत्तीस झाला, बिस्किटं वाढली, केक तर चाळीस रुपयांनी वर गेला. कुणी विचारलं की बेकरीवाला पत्राकडे बोट दाखवतो. “तुमच्या पत्रात खोटं काही नाही हे आम्हाला माहीत आहे,” मावशी म्हणाली. “पण गल्लीतल्या बायका मला म्हणतात, तुमच्याच कारखान्यानं महाग केलं सगळं. घरी चार तोंडं आहेत, रोज ब्रेड लागतो. म्हटलं तुमच्या कानावर घालावं.”

मास्तरीण चपला घालून तशीच निघाली. बेकरी दोन चौकांपलीकडं होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक, आणि काउंटरच्या काचेवर, आतल्या बाजूनं, तिचं पत्र. वर ‘सन्माननीय ग्राहकांस सप्रेम नमस्कार’, त्याखाली कच्च्या मालाचे भाव कसे चढले ते दोन ओळींत, सगळ्यात खाली तिची वळणदार सही आणि दोनदा मारलेला शिक्का. मधला भाग दिसत नव्हता. ऐंशी ग्रॅम, कतरण, नव्वद पैसे, तिसरा परिच्छेद, या सगळ्यावर बेकरीचं नवं दरपत्रक चिकटवलं होतं. वर तिचा नमस्कार, खाली तिची सही आणि मधे ब्रेड छत्तीस रुपये.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नव्हता. त्यानं तिला आत बोलावलं, स्टूल दिलं, पंखा तिच्याकडं वळवला. मैदा वाढलाय, गॅस वाढलाय, तो समजावून सांगू लागला. मी सांगितलं तर लोक म्हणतात, चोर आहे. तुमचं पत्र वाचतात आणि मुकाट्यानं पैसे देतात. तुम्ही लिहिलंयच इतकं चांगलं, ताई. ती म्हणाली, खोकं नव्वद पैशांनी वाढलं आणि केक चाळीस रुपयांनी. बेकरीवाला हसला. म्हणाला, नव्वद पैशांसाठी मी पत्र लावलं असतं का?

माझं पत्र काढा, ती म्हणाली. काढतो की, तो म्हणाला. महिन्यानंतरही ते तिथंच होतं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, त्याचं दुकान, त्याची काच. आणि आपण तरी कुठल्या तोंडानं बोलायचं? आपणही तेच पत्र बायकांना वाचून दाखवलंच की. हे दादा चिडून बोलला नाही. सहज बोलून गेला. म्हणूनच मास्तरणीला ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून ती एकाच गोष्टीची वाट बघू लागली. पुठ्ठा पन्नासच्या खाली यावा. मग दुसरं पत्र जाईल, तेही तसंच सगळं उघड मांडलेलं, आणि तिच्या सहीची अब्रू परत येईल. रोज सकाळी ती मिलचा दर बघायची. छप्पन्न. चौपन्न. पुन्हा पंचावन्न. कारखान्याच्या भल्यासाठी भाव उतरावा असं दादाला वाटत होतं, आणि स्वतःच्या शब्दासाठी तिला. सातव्या महिन्यात रद्दीची आवक सुरू झाली आणि भाव घसरत एकोणपन्नासवर आला, मग सत्तेचाळीसवर. तिनं कॅलेंडरवर रोज एक बारीक खूण करायला सुरुवात केली. तीस खुणा झाल्या त्या सकाळी तिनं दुसरं पत्र टाइप केलं. पहिल्या पत्रासारखी तीन दिवसांची खाडाखोड यावेळी लागली नाही. ‘कळवण्यास आनंद होतो की’ अशी सुरुवात होती, आणि तो आनंद खरा होता.

दादानं पत्र वाचलं आणि म्हणाला, कुणी मागितलेत का नव्वद पैसे? इतक्या महिन्यांत एका माणसानं तरी विचारलं? मग तो म्हणाला, आधीचे पाच महिने आपण तोट्यात माल दिला, तो आता कुठं भरून निघतोय. तेही खरं होतं. पण पाच महिने वाट बघायची चूक आपली, ती पत्रात लिहिलेली नव्हती, ती म्हणाली. शेवटी दादा म्हणाला, बरं, पाठव. पण बेकरीवाल्याला आधी फोनवर सांगतो. निम्मा धंदा त्याचा आहे.

फोन झाला आणि अर्ध्या तासात बेकरीवाला हजर. मास्तरणीला वाटलं, खूश होऊन आला असेल. दर कमी होतोय म्हटल्यावर कोण धावत येणार नाही? तो आला, काचेचं दार लावून घेतलं, आणि टेबलावरचं पत्र उचलून वाचलं. मग घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं.

“हे पाठवू नका, ताई,” तो म्हणाला.

“तुमचाच फायदा आहे यात.”

“नव्वद पैशांचा. आणि हे पत्र त्या खालच्या चौकातल्या बेकरीलाही जाणार. तोही तुमचंच गिऱ्हाईक. तो उद्या ते काचेवर लावेल आणि ब्रेड तीसला देईल. मग माझ्या काचेवर आधीचं पत्र आहे, त्याचं मी काय करू?”

“काढा म्हणून सांगितलं होतं मी.”

“बघा,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. वीस वर्षांचा घरोबा होता, त्यामुळे धमकीची गरजच नव्हती. “मला जुन्या दरानं नको, याच दरानं खोकी द्या. मी कुठं कुरकुर करतोय? फक्त पत्र नको. आणि भाव उतरलाय हे इथं आत कुणाला कळायलाही नको. तुमच्या बायका माझ्याच दुकानात येतात. कळलं की काउंटरवर उभं राहून विचारणार. नाही तर मग मला दुसरीकडं खोकी बघावी लागतील. पलीकडच्या रस्त्यावर तो नवा आलाय, तो तर कधीचा मागं लागलाय.”

तो गेला. जाताना मावशीला नेहमीसारखं ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारूनही गेला. मास्तरीण काचेतून बघत होती. तिला एकदम वाटलं की आपण दोन्ही वेळा अगदी सारखंच पत्र लिहिलं. पहिलं सगळ्यांनी डोक्यावर घेतलं कारण त्यानं पैसे वाढवायची सोय केली. आणि दुसरं कुणालाच नको होतं. खरेपणाचं कौतुक कुणी केलंच नव्हतं. कौतुक होतं ते दरवाढीला मिळालेल्या चांगल्या कपड्यांचं. राग तिला बेकरीवाल्याचा आला, पण त्याहून जास्त त्या संध्याकाळचा आला, जेव्हा आपण दादाला ऐटीत म्हणालो होतो की लोक समजून घेतात.

मी पाठवणार, ती दादाला म्हणाली. दादानं एक कोरा कागद तिच्यासमोर ठेवला.

“पाठव. तुझी सही आहे, मी अडवत नाही. पण तो गेला की अर्धं काम गेलं. नऊपैकी चार जणींना घरी पाठवावं लागेल. त्या चौघी कोण, तेही पत्र तूच लिही. तुला चांगलं लिहिता येतं.”

तिनं पेन हातात घेतलं. टेबलाशी उभ्या असलेल्या नऊ पाठी तिला काचेतून दिसत होत्या. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. एकीचं घरभाडं दोन महिने थकलेलं. एक नवीन, वर्षही न भरलेली. तिला काढणं सोपं, म्हणूनच तिचं नाव लिहिताना हात अडेना असं झालं आणि तिची तिलाच शिसारी आली. आणि मावशी. मावशीला वयामुळं वेग राहिला नव्हता. हिशेबानं बघितलं तर पहिलं नाव तिचंच आलं असतं. मास्तरीण आयुष्यभर हिशेबानं बघत आली होती. तिनं पेन खाली ठेवलं.

तिनं एक तोड काढून बघितली. बाकीच्यांना पत्र नको तर नको, पण बायकांना तरी वाढ दे, ती दादाला म्हणाली. दर तसाच राहतोय, पुठ्ठा उतरलाय, म्हणजे पैसा आहे. दादानं मान हलवली. आत्ता वाढ दिली की त्या विचारणार, कुठून आली? पुठ्ठा उतरला हे दुपारपर्यंत बेकरीच्या काउंटरवर पोचेल. वर्षअखेरीला बघू, काही तरी दुसरं कारण काढून. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ आलीय, तो म्हणाला, आणि हे बोलताना त्यालाही बरं वाटत नव्हतं, हे तिला दिसलं. त्यामुळं त्याच्यावर ओरडायचीही सोय राहिली नाही.

पत्र गेलं नाही. मेणबत्तीवालीचा माल वाढीव दरानंच गेला. पावती फाडताना मास्तरणीच्या मनात आलं, हिला तरी फोन करून सांगावं. पण मेणबत्तीवालीचा दीर खालच्या चौकातल्या बेकरीत कामाला होता. एकाला खरं सांगायचं तर ते दुसऱ्यापासून लपवायला हवं, आणि इतकी मोठी वही तिच्याजवळ नव्हती. तिनं पावती फाडली.

चार दिवसांनी मिलचा टेम्पो आला. पुठ्ठ्याचे गठ्ठे उतरवून झाले आणि ड्रायव्हर टेबलाशी पाणी प्यायला थांबला. नंतर जेवणाच्या सुट्टीत मावशी ऑफिसच्या दाराशी आली. तिच्यामागं थोड्या अंतरावर बाकीच्या आठ जणी डबे उघडून बसल्या होत्या, पण एकीचाही घास तोंडात जात नव्हता. मावशी आत आली नाही. ती कधीच आत येत नसे, हाताचा डिंक खुर्चीला लागेल म्हणून.

“बाई, ड्रायव्हर म्हणत होता, पुठ्ठा उतरला. महिना झाला म्हणे.” तिनं जरा थांबून शब्द जुळवले. “तुम्ही म्हणाला होता, पत्रात लिहिलंय ते सगळ्यांना सारखंच. म्हणून विचारायला आले. नसेल तर राहू दे.”

मास्तरणीसमोर कॅलेंडर लटकत होतं, त्यावर तीस बारीक खुणा होत्या. मशीनपाशी दादा हातातला पाना तसाच धरून उभा होता. ती मावशीकडं बघून बोलू लागली, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. तो फार गोड होता. ड्रायव्हर लोक काहीही बोलतात, ती म्हणाली. थोडा खाली आला होता, पण टिकला नाही. आपल्याला जाड पुठ्ठा लागतो, त्याचा भाव अजून उतरलेला नाही. तुमची अडचण आम्हाला कळते. सध्या परिस्थितीच अशी आहे की नाइलाज आहे. तुमचं सहकार्य आहे म्हणूनच हे चाललंय.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, उलट जरा शरमल्यासारखं झालं, उगाच विचारलं म्हणून. वळून तिनं बाकीच्यांना तिथूनच सांगितलं.

“नाही गं उतरला. ड्रायव्हरनं थापा मारल्या. बाई कशाला खोटं सांगतील?”

आठ जणींनी माना डोलावल्या आणि जेवायला सुरुवात केली.